ताईंचे भाडेकरू

“सुनंदाला एवढ्यात काही सांगू नकोस. मी घरी आलो की मीच सांगेन. तोवर तिचं भाडं वेळेवर जमा होतंय ना, तेवढं बघ.”

दवाखान्यात नाकात नळी असताना ह्यांनी मला हे सांगितलं होतं. घरी ते आले नाहीत. वर्षश्राद्धही होऊन गेलं आणि सांगायचं काम माझ्याकडे राहिलं.

सुनंदाताई माझी नणंद, ह्यांची धाकटी बहीण. लग्न केलं नाही. आगाशीत बालवाडी चालवली. गावातल्या निम्म्या पोरांनी त्यांच्यासमोर पाटीवर पहिली रेघ ओढली. बालवाडीच्या बाईंना पेन्शन नसते. पुढे वडिलोपार्जित नारळाची वाडी विकायची ठरली, तेव्हा ह्यांनी ताईंचा वाटा रीतसर बाजूला काढला. बहिणीकडून हक्कसोडपत्रावर सही घ्यायची आणि साडी-चोळी करून वाटेला लावायचं, ही आमच्याकडची घरोघरची रीत. ह्यांनी ती पाळली नाही म्हणून भाऊबंदांत थोडी कुजबुजही झाली. वाडीबरोबर वाडीतलं राहतं घर गेलं. ताई शेजारच्याच शांतारामभाऊंच्या मागच्या दोन खोल्यांत भाड्याने राहायला गेल्या. “दादा, माझ्या पैशांचा एक फ्लॅट घे,” त्या म्हणाल्या. “आज भाडं येईल, म्हातारपणी मी जाऊन राहीन.”

हे बँकेत कर्जाच्या टेबलावर होते. आमच्या भागात खोट्या परवानगीच्या कागदांवर उभ्या राहिलेल्या इमारती त्यांनी पाहिल्या होत्या, आणि त्या पाडल्या तेव्हा भांडीकुंडी घेऊन खाली उभी राहिलेली माणसंही पाहिली होती. कागद चोख असलेला फ्लॅट ताईंच्या अठरा लाखांत बसत नव्हता. बसत होते त्यांच्या कागदांना ह्यांनी हात लावला नाही. त्याऐवजी त्यांनी ताईंच्या नावावर रीटचे युनिट घेतले. म्हणजे काय, ते मला तेव्हा कळलं नव्हतं. दवाखान्यात त्यांनी सांगितलं तेव्हा थोडं कळलं. पुष्कळ लोकांचे पैसे एकत्र करून एक ट्रस्ट मोठमोठ्या ऑफिसांच्या इमारती ठेवतो. कंपन्या भाडं भरतात, ते दर तीन महिन्यांनी युनिटवाल्यांना वाटलं जातं. युनिट शेअरबाजारात विकत मिळतात, विकताही येतात.

शेअरबाजार हा शब्द ताईंपुढे काढायची सोय नव्हती. त्यांच्या लेखी तो जुगार, आणि जुगार म्हणजे पाप. म्हणून ह्यांनी सांगितलं, “ऐरोलीला फ्लॅट घेतलाय. ऑफिसला भाड्याने दिलाय.” ताईंनी विचारलं, “कितव्या मजल्यावर?” हे म्हणाले, “तिसऱ्या.” ताईंनी विचारलं, “तोंड कुठे?” हे म्हणाले, “पूर्वेला.” दादाने बोट ठेवलं तिथे ताईंनी सही केली, फोनवर आलेले आकडे दादाला वाचून दाखवले, आणि दर तीन महिन्यांनी सत्तावीस-अठ्ठावीस हजार रुपये त्यांच्या पासबुकात उमटू लागले. चार वर्षं त्यांचं घर त्यावर चाललं. आणि चार वर्षांत आगाशीच्या त्यांच्या आळीत सगळ्यांना ठाऊक झालं की बालवाडीच्या बाईंचा मुंबईकडे फ्लॅट आहे.

मी सांगणार होते. पितृपक्ष होऊ दे म्हटलं, मग नवरात्र होऊ दे म्हटलं. अशा गोष्टीला मुहूर्त सापडत नाही.

माझा एक नेम आहे. सकाळी अंघोळ झाली की पूजा, जप आणि पोथीचा एक अध्याय होईपर्यंत मी बोलत नाही. विरारच्या फुलपाड्यातल्या आमच्या इमारतीत दूधवाल्यापासून वॉचमनपर्यंत सगळ्यांना ते माहीत आहे. दसऱ्यानंतरच्या एका सकाळी मी देवापुढे बसले होते आणि दार वाजलं. सिद्धेशने, माझ्या मुलाने, उघडलं आणि तो अंघोळीला गेला. ताई आल्या होत्या, पहिल्या बसने. हातात केळफूल आणि अळूची जुडी.

“चालू दे तुझं,” म्हणत त्या माझ्या मागेच खुर्ची ओढून बसल्या. “ऐक फक्त. शांतारामचा हर्षवर्धन आहे ना, त्याला ते मागचं घर पाडायचंय. शनिवार-रविवारी समुद्रावर येणाऱ्या लोकांना राहायला बंगली बांधणार म्हणे. पोहायचा हौदसुद्धा! आगाशीत तळं असताना हौद. शांताराम बिचारा तोंड खाली घालून बसला होता. मीच म्हटलं, अरे, लाजतोस काय? मला काय घर नाही?”

माझं बोट माळेच्या मण्यावर थांबलं.

“वहिनी, तुला विचारायला आले. दिवाळीपर्यंत ते ऑफिसवाले उठतील ना? नोटीस द्यावी लागत असेल. दादा असता तर त्यानेच पाहिलं असतं. आता सिद्धेशने एक फोन केला की झालं.”

मी मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. तोंड उघडलं तर नेम मोडत होता. सासूबाई गेल्या त्या सकाळीही तो मोडला नव्हता. मी हात वर केला. थांबा, एवढंच मला म्हणायचं होतं.

ताई खूश झाल्या. “बघ! देवापुढे बसून हात वर केलास, आता मला कसली काळजी? मौनाचं हे बरं असतं, वाद घालत नाही कुणी.” त्या हसल्या, केळफूल ओट्यावर ठेवलं. “बसते आहे थोडीच, तलाठ्याकडे काम आहे. अळूला चिंच जास्त घाल, खाजरं आहे.”

मी उठेपर्यंत त्या जिना उतरून गेल्या होत्या. मी उठले होते, हेही खरं. दारापर्यंत गेले, आणि माळ हातात तशीच होती.

अध्याय मी भरभर वाचला. अर्थ एका ओवीचाही लागला नाही. मग ताईंना फोन केला, तो लागेना. सिद्धेश ऑफिसला निघाला होता. त्याला सांगितलं तर तो बुटाची नाडी हातात धरून तसाच बसला.

“आई, बाबांनी आत्याला फ्लॅट सांगितलाय?”

“तिसरा मजला सांगितलाय.”

“अगं पण… रीटमध्ये मजला नसतो.”

“ते मला कळलंय. आत्याला कळायचंय.”

“बाबा पण ना,” तो म्हणाला, आणि पुढचं गिळलं. गेलेल्या माणसाला बोल लावायची आमच्या घरात सवय नाही. “आज जा तू. आजच जा.”

मी दुपारच्या बसने आगाशीला गेले. शांतारामभाऊंच्या अंगणात पोचले तर ताई मधोमध खुर्चीवर, आणि भोवती आळीतल्या चारपाच बाया. हर्षवर्धनच्या हातात कागद होता. ताईंनी दिवाळीनंतर खोल्या रिकाम्या करून द्यायचं लिहून दिलं होतं, सहीसकट. त्यांनी अनामतीचे पैसेही परत मागितले नव्हते. “घराला खिडक्या लावायला कामी येतील तुला,” असं म्हणाल्या म्हणे.

“या या,” एक बाई मला म्हणाली. “वास्तुशांतीला आम्हाला बस करणार आहेत बाई. ऐरोलीला!”

“बस कशाला? ट्रक पण चालेल,” दुसरी म्हणाली. “सामान पण जाईल, आपण पण जाऊ.”

“तुला सामानात टाकते,” ताई म्हणाल्या. “उतरवून घ्यायला चार माणसं लागतील.”

सगळ्या हसल्या. शांतारामभाऊ ओटीवर बसले होते, ते मात्र हसत नव्हते. ते मला हळूच म्हणाले, “माझ्या मनात नव्हतं हो, वहिनी. पण पोरगा ऐकत नाही. कंत्राटदाराला पैसे पण देऊन बसलाय. त्यांचं घर आहे म्हणून बरं, नाहीतर मला झोप लागली नसती.”

त्या बायांच्या घोळक्यात मी ताईंना काय सांगणार होते? त्यांनी मला चहा दिला. मी तो प्यायले. निघताना एवढंच म्हणाले, “ताई, रविवारी घरी या. राहायलाच या दोन दिवस. सिद्धेशला तुमच्याशी बोलायचंय.”

“नोटिशीचं ना? येते.”

रविवारी जेवणं झाल्यावर मी सांगितलं. सिद्धेश सांगतो म्हणाला होता, पण मी त्याला थांबवलं. ताईंच्या भावाने मला सांगितलेलं होतं, ते मीच त्यांच्यापर्यंत न्यायला हवं होतं. सगळं एका दमात सांगितलं: फ्लॅट नाही, घेतलाच नव्हता, पैसे ट्रस्टच्या युनिटमध्ये आहेत, ते सुरक्षित आहेत म्हणजे बुडालेले नाहीत, दर तीन महिन्यांनी येतं ते त्या ऑफिसांच्या भाड्यातलंच येतं.

ताई बडीशेप खात होत्या. त्यांनी ती चावून संपवली.

“तिसरा मजला?” त्या म्हणाल्या.

“नाही.”

“पूर्वेला तोंड?”

मी नुसती मान हलवली.

“मी त्या खिडकीला पडदे ठरवले होते,” त्या म्हणाल्या. “सकाळचं ऊन येणार म्हणून.”

मग त्या घरच्या बोलीत बोलायला लागल्या. रागात किंवा दुःखात त्या बोलीतच बोलतात. दादाला म्हणाल्या, मला नाही. समोरच्या फोटोकडे बघून. लहानपणी नारळ काढायला चढलास आणि मला खाली उभी करून म्हणालास, पडत नाही ग काही डोक्यावर, आणि पडलाच ना. असं काहीतरी. सिद्धेशला सगळी बोली कळत नाही. तो उठून गॅलरीत गेला.

“शेअरबाजारात आहेत माझे पैसे,” ताई शेवटी म्हणाल्या. “म्हणजे चार वर्षं मी जुगाराचं खाल्लं.”

“आत्या, जुगार नाहीये तो,” सिद्धेश दारातून म्हणाला. “उद्या सुट्टी टाकतो. परेशकाकांकडे जाऊ. बाबांनी त्यांच्याकडूनच घेतलेत. तुला जे विचारायचं ते विचार.”

“मला एकच विचारायचंय. मी राहू कुठे?”

परेशचं ऑफिस विरार पश्चिमेला, स्टेशनजवळच्या एका जुन्या इमारतीत पहिल्या मजल्यावर आहे. शेअर दलालाची एजन्सी. दोन टेबलं, भिंतीवर टीव्ही, त्यावर पळणारे हिरवे-लाल आकडे. ताईंनी तिकडे पाठ करून खुर्ची घेतली. परेश पन्नाशीचा, बोलका माणूस. ह्यांचा फोटो त्याने मोबाईलमध्ये ठेवला होता, तो आधी दाखवला. कुठल्याशा सहलीतला.

“काका दर तीन महिन्यांनी फोन करायचे,” तो म्हणाला. “वाटप जाहीर झालं की लगेच. विचारायचे, परेश, आमच्या सुनंदाचे भाडेकरू ठीक आहेत ना? मी म्हणायचो, काका, एकदम मस्त आहेत, एसीत बसलेत.”

ताईंनी पदराचं टोक मुठीत धरलं. “माझी जागा कुठली ते दाखवा.”

त्याने कॉम्प्युटरचा पडदा फिरवला. काचेच्या उंच इमारती, एकीसारखी दुसरी. नवी मुंबई, पुणे, हैदराबाद.

“ह्यातली कुठली?”

“मावशी, सगळ्याच. आणि तसं बघायला गेलं तर एकही नाही. ट्रस्टचे साठ कोटी युनिट आहेत, त्यातले तुमचे काही हजार. सगळ्या इमारतींत तुमचा वाटा आहे, पण इथपासून इथपर्यंत माझं, असं बोट ठेवता येत नाही.”

“एक लादीसुद्धा नाही?”

“लादी मागायला गेलात तर वॉचमन आत सोडणार नाही,” परेश म्हणाला, आणि आपलंच बोलणं त्याला टोचलं. “सॉरी. पण खरं तेच आहे.”

“म्हणजे प्रसादासारखं. सगळ्यांना चिमूट चिमूट.”

“बरोब्बर.”

“आणि प्रसादावर कुणी हक्क सांगत नाही.”

“हक्क आहे ना मावशी. पैशावर आहे. भाडं येतं, त्यातून इमारतीचा खर्च जातो, ट्रस्टने काढलेल्या कर्जाचं व्याज जातं. उरेल त्यातले कमीत कमी नव्वद टक्के वाटायलाच लागतात, नियम आहे सेबीचा. मॅनेजरच्या मर्जीवर नाही. म्हणून तर काकांनी हे घेतलं. पण आत राहायला जायचा हक्क नाही.”

“दर वेळी तेवढेच येतील?”

“नाही. ऑफिसं रिकामी झाली तर कमी येतील. कोविडनंतर झाली होती थोडी. आणि येतं त्यात सगळं भाडंच असतं असं पण नाही, थोडी तुमची मुद्दलच परत येते कधीकधी, कागदावर वेगळी दाखवतात. भाव पण वर-खाली होतो. तुम्ही घेतल्यावर व्याजदर वाढले तेव्हा पडला होता. आता वर आहे. आज विकलेत तर बावीस लाखांच्या आसपास, नफ्यावर थोडा कर बसेल. उद्या-परवा पैसे खात्यात.”

बावीस लाख ऐकल्यावर ताईंनी पहिल्यांदा मान वर केली. “मग विका. मी घर घेते.”

परेशने सिद्धेशकडे पाहिलं. सिद्धेश म्हणाला, “आत्या, बावीसमध्ये…”

“मिळतंय. हर्षवर्धनच्या साडूची इमारत आहे नालासोपाऱ्याकडे. एक खोली, स्वयंपाकघर. बावीसला देतो म्हणाला होता, मीच म्हटलं मला नको, माझा आहे.”

“कागद?”

“कागद, कागद! बापलेक सारखे. तुझ्या बापाने कागद बघून मला काय दिलं? काचेचं चित्र!”

परेशची खोली छोटी होती, टीव्हीवरचा माणूस बोलत होता, आणि शेजारच्या टेबलावरची मुलगी कीबोर्डवरचे हात थांबवून बसली होती. मी ताईंच्या पाठीवर हात ठेवला. त्यांनी तो झटकला नाही, पण पाठ लाकडासारखी होती.

परेशने कॉम्प्युटरचा पडदा परत आपल्याकडे फिरवला. मग म्हणाला, “मावशी, मी तुमचे युनिट विकले तर मला दलाली मिळते. नाही विकले तर काही नाही. तरी सांगतो. समजा कागद चांगले निघाले. समजा देवाच्या दयेने सगळं ठीक. तुम्ही त्या घरात राहायला गेलात. मग महिन्याला खर्चाला काय?”



हे आमच्यापैकी कुणी त्यांना विचारलं नव्हतं. ह्यांनीही कधी नाही. आणि ताईंनी स्वतःला नाही. फ्लॅट असता आणि त्या राहायला गेल्या असत्या, तर त्या दिवसापासून भाडं थांबलं असतं. एकाच घरात राहायचं आणि त्याच घराचं भाडं खायचं, हे कुणालाच जमत नाही. ते त्यांच्या चेहऱ्यावर उतरताना मी पाहिलं. बालवाडीत एखादं पोर चुकीचं बोललं की त्या जशा गप्प बसून वाट बघायच्या, तशा त्या स्वतःचीच वाट बघत होत्या.

“म्हणजे फ्लॅट असता तरी,” त्या म्हणाल्या, “माझा नव्हताच.”

“महिन्याला नऊ हजार पडतात तुम्हाला ह्यातून,” परेश म्हणाला. “त्यात कुठे तरी एक खोली भाड्याने आणि थोडी कडधान्यं. काकांनी हाच हिशोब केला असणार.”

“एकट्या म्हाताऱ्या बाईला कुणी खोली देत नाही हो,” ताई म्हणाल्या. “मागे एका मैत्रिणीसाठी दोनदा विचारलं होतं मी. म्हणतात, काही झालं तर आम्ही कुणाला बोलवायचं?” त्यांनी पदराचं टोक सोडलं. “नका विकू. ठेवा.”

टीव्हीचा आवाज कुणी तरी कमी केला. परेशने एक कागद पुढे केला, नॉमिनीचा. आधी ह्यांचं नाव होतं, ते बदलायला हवं होतं. ताईंनी सिद्धेशचं नाव घातलं. सही करायच्या आधी या वेळी त्यांनी तो सगळा वाचला. इंग्रजी होता, तरी ओळीवर बोट फिरवत खालपर्यंत गेल्या.

जिना उतरताना त्या मधल्या पायरीवर बसल्या. सिद्धेश रिक्षा बघायला पुढे गेला होता. मी त्यांच्या शेजारी टेकले.

“ताई, आमच्याकडे या. सिद्धेशची खोली आहे, तो हॉलमध्ये झोपेल. नाही तरी रात्रभर मोबाईलच बघतो.”

“भावाच्या घरी आले असते,” त्या म्हणाल्या. “भावजयीच्या घरी नाही. राग मानू नकोस. तू चांगली आहेस. पण तुझ्या घरात मी सकाळी खोकले तरी तुझी पूजा मोडेल, आणि तू बोलणार नाहीस. ते न बोलणं मला सोसायचं नाही.”

खाली रस्त्यावर कुणीतरी कांदे विकत होता. त्याच्या भोंग्यात एकच वाक्य पुन्हा पुन्हा येत होतं.

“मला हर्षवर्धनकडून मुदत हवीय,” ताई म्हणाल्या. “होळीपर्यंत दिली तरी चालेल. तोवर बघते कुठे काही. पण मी मागू शकत नाही. सगळ्या आळीसमोर अनामत सोडून आलेय मी. खिडक्या लाव म्हटलं त्याला.” त्या हसल्यासारखं करून थांबल्या. “तू जा. तू बोललीस तर शांताराम ऐकेल. तू कमी बोलतेस, म्हणून लोक ऐकतात तुझं.”

“जाते.”

“आणि फ्लॅट नाही, असं सांगायचं नाही.”

“ताई…”

“माझ्यासाठी नाही. मला हसतील, हसू देत, चार दिवस हसतील. पण दादाने बहिणीला फसवलं, असं म्हणतील. हक्कसोडपत्र घेतलं नाही म्हणून ज्यांच्या पोटात दुखलं होतं, ते तर नाचतील. म्हणतील, बघा, वाटा दाखवला आणि खाल्ला. त्याने खाल्लं नाही, वहिनी. त्याने मला कधी उपाशी ठेवलं नाही. तू मला शब्द दे. त्याचं नाव आगाशीत खाली येता कामा नये.”

मी त्यांच्या हातावर हात ठेवला आणि दिला.

रात्री त्या आमच्याकडेच राहिल्या. जेवल्या नाहीत. सिद्धेशने दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा दूध आणून ठेवलं, त्यावर साय धरली.

सकाळी मी नेहमीसारखी अंघोळ केली, देव पुसले, जप केला. माळ फिरत होती आणि मनात वाक्यं जुळवत होते. खोटं बोलायचं नाही असं मी कधी व्रत घेतलेलं नाही. त्याची वेगळी गरज पडेल असं वाटलंच नव्हतं. शांतारामभाऊंसमोर काय बोलायचं? भाडेकरू मोठ्या कंपन्या आहेत. त्यांचे करार पुष्कळ वर्षांचे आहेत. ताईंना त्यांना उठवता येत नाही. ताईंचं पोट त्याच भाड्यावर आहे, म्हणून उठवून चालणारही नाही. यातलं एक अक्षर खोटं नव्हतं. तरी ते देवापुढे मनात म्हणून पाहिलं तेव्हा जपाचा आकडा चुकला. पुढचा प्रश्न हर्षवर्धन विचारणार होता, तो मला माहीत होता: तुमचाच फ्लॅट ना काकी, मग कोर्टात का जात नाही? त्याला काय सांगायचं ते मला अध्याय संपेपर्यंत सुचलं नाही. आणि त्याने मुदत दिली नाही तर ताईंना येऊन काय सांगायचं, तेही नाही. कंत्राटदाराला पैसे गेलेले होते. माझ्या शब्दापायी कुणी बंगली थांबवेल असं मला खरं तर वाटत नव्हतं.

पोथी गुंडाळून ठेवली. ताई आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. जाग्या होत्या, श्वासावरून कळतं. मी आवाज दिला नाही. ओट्यावर पोह्यांवर ताटली झाकून ठेवली, दार हळू ओढून घेतलं, आणि आगाशीच्या बससाठी जिना उतरू लागले.